डायलिसिसच्या वेळापत्रकावर बेतलेला अभ्यास

«बाबांचं डायलिसिस सोम-बुध-शुक्र, दुपारच्या शिफ्टला. सोबत मीच असते. एमपीएससी गट ब संयुक्त पूर्व देतेय. टाइमटेबल केलं की दोन दिवसांत कोलमडतं. रोज किती तास धरू?»

रोजचे तास धरूच नका. तुमच्या घरी दिवस सारखे नाहीत, पण आठवडा बऱ्यापैकी सारखा आहे. माझ्या आईचं डायलिसिस चालू असताना मी हीच परीक्षा दिली, आणि शेवटपर्यंत टिकलं ते आठवड्याचंच गणित.

आधी डायलिसिसचे चार तास बघा. ते सगळे अभ्यासाचे नाहीत. सुरुवातीला वजन, बीपी, सुया लावणं यात वेळ जातो. शेवटच्या तासात बरंच पाणी निघालेलं असतं, त्यामुळे बीपी पडणं आणि पायात गोळे येणं तेव्हा जास्त होतं. पेशंट सारखा जांभया देऊ लागला, घाम फुटला, उगाच चुळबुळ करू लागला की मशीन वाजायची वाट न बघता टेक्निशियनला हाक मारायची. म्हणून शेवटच्या तासात पुस्तक बंद. हाती उरतात मधले दोनेक तास, तेही तुकड्यांत.

या तुकड्यांत नवीन धडा वाचू नका. 'पाणी दे', 'फाईल आणा', 'सही करा' यात अर्थव्यवस्थेचं नवं प्रकरण डोक्यात शिरत नाही. तिथे जुन्या प्रश्नपत्रिका न्या. एका विषयाचे, समजा राज्यघटनेचे, पंचवीस प्रश्न सोडवायचे आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने खूण करायची: येतो, शंका आहे, येत नाही. उत्तरं तिथे तपासायची नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी तपासायची आणि शंकेचे व न येणारे प्रश्न ज्या भागातले, तेवढाच भाग पुस्तकातून वाचायचा. म्हणजे सोमवारचा वॉर्ड मंगळवारच्या वाचनाची यादी करून देतो, आणि काय वाचू यात सकाळ जात नाही. 'शंका'वाल्यांत किती बरोबर आले याची वेगळी नोंद ठेवा. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, तेव्हा अंदाज कुठे मारायचा आणि कुठे सोडून द्यायचं हे याच नोंदीतून कळतं.

मध्येच उठावं लागलं तर उठण्याआधी समासात चार शब्द लिहा, पानाचा नंबर नव्हे तर पुढचं काम: '२४ चा पर्याय ३ तपासायचा'. परत बसल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचायची पाळी येत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. सोम-बुध-शुक्रमध्ये शुक्रवार ते सोमवार हा खाडा लांब असतो. रविवारी संध्याकाळपर्यंत अंगात पाणी साठतं. पाय सुजणं, आडवं झाल्यावर धाप लागणं आणि धावपळ तेव्हाच होण्याची शक्यता जास्त. (त्यात रविवारी पाहुणे, आणि पाहुण्यांबरोबर चहा. पाण्याचा हिशेब तिथेच बिघडतो.) बहुतेक जण सराव पेपर रविवारी ठेवतात. तुम्ही शनिवारी सकाळी ठेवा. शुक्रवारचा थकवा उतरलेला असतो आणि बाबा त्यातल्या त्यात हलके असतात. १०० प्रश्न, ६० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. हा सराव सलगच व्हायला हवा, वॉर्डातल्या तुकड्यांत होत नाही. रविवारी फक्त चालू घडामोडी.

डायलिसिसच्या संध्याकाळी बाबा बहुधा झोपतील. घर शांत असतं म्हणून लगेच पुस्तक काढावंसं वाटेल, पण तुम्हीही दिवसभर खुर्चीत बसून आलेल्या असता. तुम्हीही झोपा, मंगळवारची सकाळ चांगली जाते.

अॅडमिट करावं लागलं तर तो आठवडा सोडून द्या. फक्त रोजचे पंचवीस प्रश्न, तेही जमले तर. घरी आल्यावर बुडलेलं भरून काढायला दुप्पट तास लावायचे नाहीत. कोणता विषय पातळ करायचा ते आजच ठरवून ठेवा. मी भूगोल जुन्या प्रश्नांपुरताच ठेवला होता, कारण गणित-बुद्धिमत्तेत माझे गुण जास्त हुकमी होते. तुमचं उलटं असेल.

आणि परीक्षा बहुधा रविवारी असते, म्हणजे नेमकी त्या लांब खाड्याच्या शेवटाला. मोबाईल आत नेता येत नाही. त्यामुळे घरी जो थांबेल, मामा, आत्या, भाऊ, कोणीही, त्याला तुम्हाला फोन न करता निर्णय घेता आला पाहिजे. एका कागदावर लिहून द्या: ड्राय वेट किती, दिवसाला पाणी किती, गोळ्या कोणत्या, फिस्टुला कोणत्या हातात (त्या हातावर बीपी घ्यायचं नाही आणि सुई टोचू द्यायची नाही), धाप लागली तर कुठे न्यायचं, सेंटरचा नंबर. त्या माणसाला आधी एकदा डायलिसिसला बरोबर न्या. आणि हॉल तिकीट हातात आल्यावर नेफ्रॉलॉजिस्टना विचारा, त्या आठवड्यापुरतं शुक्रवारचं सत्र शनिवारी घेता येईल का. सेंटरवर जागा असेल तर काही ठिकाणी करून देतात, मात्र ऐन वेळी विचारलं तर मशीन रिकामं नसतं.