125 केव्हीएच्या डीजीवर 12 किलोवॉटचा लोड: धूर, डिझेल आणि लायनर

प्रश्न: "आमच्या सोसायटीत 125 केव्हीएचा डीजी आहे. लाइट गेली की दोन लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्या-पार्किंगचे दिवे एवढंच त्यावर चालतं, पॅनलवर 10-12 किलोवॉट दिसतात. तरी तासाला साडेसहा-सात लिटर डिझेल जातं. धूर खूप येतो आणि सायलेन्सरच्या जोडातून काळं तेल गळतं. मेकॅनिक म्हणतो इंजिन उघडावं लागेल. एवढ्या कमी लोडवर तर इंजिनला आराम मिळायला हवा ना?"

आराम मिळत नाही, उलट हाच त्याला सगळ्यात वाईट पडणारा लोड आहे. 125 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टरने 100 किलोवॉट. तुमचे 12 किलोवॉट म्हणजे बारा टक्के झाले. बहुतेक इंजिन कंपन्या तीस टक्क्यांच्या खाली फार वेळ चालवू नका असं सांगतात, म्हणजे तुमच्या सेटला किमान 30 किलोवॉट हवेत.

आधी डिझेलचा हिशोब बघू. जनरेटरला 50 हर्ट्झ द्यायचे असतात, म्हणून इंजिन 1500 आरपीएमवरच फिरतं, लोड असो वा नसो. गाडीसारखं ते हळू होऊ शकत नाही. एवढ्या वेगाने पिस्टन, क्रँक, रेडिएटरचा पंखा, ऑइल पंप आणि अल्टरनेटर नुसते फिरवत ठेवायलाच या आकाराच्या सेटला तासाला साधारण 4 लिटर लागतात. हा बैठा खर्च. त्यावर दर किलोवॉटला तासाला अंदाजे 0.23 लिटर धरा. 12 किलोवॉटला 4 अधिक पावणेतीन, म्हणजे पावणेसात लिटर. तुमचा आकडा बरोबर हाच आहे, त्यामुळे डिझेल चोरीला जातंय किंवा पंप बिघडलाय असा संशय लगेच घेऊ नका. पूर्ण लोडवर हाच सेट 27 लिटरमध्ये 100 युनिट देतो, म्हणजे लिटरला 3.7 युनिट. तुमच्याकडे लिटरला जेमतेम 1.8 युनिट पडतात. अर्ध्याहून जास्त डिझेल इंजिनला फिरतं ठेवण्यातच जातं.

आता धुराकडे येऊ. पेट्रोल इंजिनात लोड कमी झाला की हवाही कमी केली जाते. डिझेल इंजिनात तसं होत नाही. ते दर फेऱ्याला सिलिंडरभर हवा घेतं आणि लोडप्रमाणे फक्त डिझेल कमीजास्त करतं. बारा टक्के लोडला डिझेल थेंबभर आणि हवा भरपूर, म्हणून सिलिंडर तापतच नाही. सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणाऱ्या टर्बोनंतरच्या एक्झॉस्टचं तापमान पूर्ण लोडला साधारण 450 ते 500 अंश असतं, ते इथे 150-200 वर येतं. गार भिंतीवर पडलेलं डिझेल अर्धवट जळतं किंवा जळतच नाही. न जळलेल्या डिझेलच्या वाफेचा धूर पांढरट दिसतो आणि डोळ्यांना झोंबतो. लिफ्ट सुटते तेव्हा लोड एकदम चढतो, डिझेल वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला क्षणभर लागतो, त्या क्षणी हवा कमी पडून काळा झोत येतो. निळसर धूर मात्र ऑइल जळण्याचा असतो, आणि तो दिसला की प्रकरण पुढे गेलेलं असतं.

ऑइल वर येतं कसं, हे नीट समजून घ्या, कारण इंजिनाचं खरं नुकसान इथेच सुरू होतं. पिस्टन रिंग लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, घट्ट बसते ती नुसत्या स्वतःच्या ताणाने नाही. जळलेल्या गॅसचा दाब रिंगच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर, लायनरवर दाबून धरतो. लोड चांगला असेल तर दाब चांगला, पकड चांगली. लोड कमी असेल तर रिंग सैल पडते. मग दोन्ही दिशांनी गळती होते. गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसच्या हवा सोडायच्या नळीतून, धूर म्हणून बाहेर पडतो. खालचं ऑइल वर चढतं आणि लायनरवर अर्धवट जळून चिकट थर बनतो. नव्या लायनरवर होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात, त्यांच्यात ऑइल धरून राहतं. त्या या थराने भरून जातात आणि लायनर आरशासारखा गुळगुळीत होतो. याला ग्लेझिंग म्हणतात. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर ऑइल नीट टिकत नाही, रिंग ते नीट खरवडू शकत नाही, आणि ऑइलचा खप वाढतच जातो.

दुसरीकडे, न जळलेलं डिझेल लायनरवरून ओघळून ऑइल पॅनमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. नोझलच्या टोकावर कार्बन साठला की फवारा धड होत नाही, मोठे थेंब पडतात, ते आणखी वाईट जळतात, आणखी कार्बन साठतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि टर्बोच्या पंख्यांवरही हाच चिकटा बसतो. तुमच्या जोडातून गळणारं काळं तेल म्हणजे न जळलेलं डिझेल, ऑइल, पाणी आणि काजळी यांचं मिश्रण. गॅस्केट बदलून ते थांबणार नाही, फक्त गळण्याची जागा बदलेल.

डिपस्टिकवर विसंबताना एक फसगत होते, म्हणून वेगळं लिहितो. ऑइल जळून कमी होतं आणि डिझेल मिसळून वाढतं. दोन्ही एकदम चालू असेल तर पातळी जागच्या जागी दिसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ऑइल बोटांवर घेऊन चोळून बघा. डिझेलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं निसटायला लागलं तर ऑइल बदलायचे ठरलेले तास पूर्ण व्हायची वाट न बघता बदला. ऑइलचा नमुना लॅबला दिला तर डिझेल नेमकं किती टक्के मिसळलंय तेही कळतं.

इंजिन उघडायच्या आधी हे करा.

लोड नीट मोजा. आठवडाभर, रोज वेगवेगळ्या वेळी, पॅनलवरचे किलोवॉट टिपून ठेवा. मीटर नसेल तर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्या आणि सरासरी काढा, मग किलोवॉट असे: 1.732 × 415 × अँपिअर × पॉवर फॅक्टर ÷ 1000. 20 अँपिअर आणि 0.85 ला हे 12.2 किलोवॉट येतात. केव्हीएच्या आकड्यावर टक्केवारी काढू नका, इंजिनावर किलोवॉटचा भार पडतो.

मग थर्मोस्टॅट तपासा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. अर्धा तास चालवूनही कूलंटचं तापमान 60-65 च्या पुढे जात नसेल, तर तो उघडा अडकला असेल किंवा कोणीतरी "इंजिन गार राहील" म्हणून काढून टाकला असेल. हे फार ठिकाणी करतात आणि कमी लोडच्या इंजिनाला त्याने दुप्पट त्रास होतो. एअर फिल्टरही बघून घ्या.

त्यानंतर लोड बँक भाड्याने आणा. हीटरच्या कॉइल असलेली पेटी असते, तिने सेटवर हवा तेवढा खोटा लोड टाकता येतो. आधी सायलेन्सरचा ड्रेन उघडून साचलेलं तेल काढा. एकदम 75 टक्क्यांवर चढवू नका, कारण पाइपमधलं तेल पेटू शकतं. 30 किलोवॉटवर अर्धा तास, 50 वर अर्धा तास, मग 75 वर दोन तास. सायलेन्सरजवळ जळण्यासारखं काही ठेवू नका, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. सुरुवातीला धूर भयंकर वाढेल, दुपारची वेळ निवडा आणि शेजारच्यांना आधी कळवा. साधारण तासाभराने धूर पातळ होऊ लागला तर साठा नुकताच होता आणि जळून गेला. शेवटी गरम असतानाच ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला.

चांगल्या लोडवर दहा-पंधरा तास चालूनही निळा धूर तसाच आणि ब्रीदरचा झोत जोरात असेल, तर लायनर ग्लेझ झाला आहे. ते लोड टाकून जळत नाही. तेव्हा मेकॅनिकचं म्हणणं बरोबर ठरतं: हेड आणि पिस्टन काढून लायनरला पुन्हा होनिंग आणि नव्या रिंगा. फक्त रिंगा बदलून होनिंग टाळू देऊ नका, नव्या रिंगा गुळगुळीत लायनरवर बसतच नाहीत.

पण दुरुस्त करून पुन्हा 12 किलोवॉटवरच चालवलं तर सगळं परत येईल. रोजची सवय बदलायला हवी. लाइट गेली की टाक्या भरायचे सगळे पंप त्याच वेळी लावा, एका मागोमाग न लावता एकत्र. दर आठवड्याची "चालू होतो का" ही चाचणी बिनलोडची असेल तर पाच मिनिटांत आटपा, अर्धा तास चालवणं नुकसानीचं आहे. अमेरिकेतल्या एनएफपीए 110 या नियमात महिन्यातून अर्धा तास किमान तीस टक्के लोडवर चालवा असं आहे. तेवढा लोड नसेल तर वर्षातून एकदा लोड बँकेवर 50 टक्के अर्धा तास आणि 75 टक्के एक तास, सलग. तुमच्या धुरावरून मी दर सहा महिन्यांनी करायला सांगेन.

रोजच लोड बँक लावून ठेवू नका. 12 चे 35 किलोवॉट करायला तासाला पाच लिटर जादा लागतात. औषधासारखं मोजून द्यायचं.

एवढा मोठा सेट बहुधा आगीच्या पंपासाठी घेतला असेल. तसं असेल तर तो पंप हाच तुमचा फुकटचा लोड आहे. महिन्याची चाचणी त्याच्यासकट करा, पण टेस्ट लाइन उघडून पाणी टाकीत परत फिरवत ठेवा. डिलिव्हरी बंद ठेवून चालवलात तर सेंट्रिफ्युगल पंप करंट कमी ओढतो, लोड चढत नाही आणि पंपातलं पाणी मात्र तापतं.

लाइट वारंवार जात असेल तर लिफ्ट-दिव्यांसाठी वेगळा 30 केव्हीएचा सेट हाच पक्का उपाय. 12 किलोवॉट त्याच्या निम्म्या क्षमतेवर येतात आणि तासाला चार-सव्वाचार लिटर लागतात. महिन्याला 30 तास धरले तर साधारण 75 लिटर वाचतात, लिटरला 90 रुपये धरून पावणेसात हजार. फक्त दोन्ही लिफ्ट एकदम सुटल्या तर सेट तो झटका घेतो का, हे विक्रेत्याकडून लिफ्टच्या मोटरचा आकडा देऊन लेखी घ्या. आणि नवा सेट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी 4+ या धुराच्या नियमातला असेल, हा नियम 1 जुलै 2023 पासून लागू आहे. त्यातल्या ज्या मॉडेलला एक्झॉस्टमध्ये काजळीचा फिल्टर असतो, त्याला स्वतःला साफ करायला उष्णता लागते. असा सेट गरजेपेक्षा मोठा घेतला, तर धूर दिसायच्या आधी फिल्टर तुंबून तो अलार्म देऊन बंद पडेल.