काच तडकली, पण हिशोब बॅटरीपासून मांडा

प्रश्न: सर, पावणेदोन वर्षांपूर्वी 24,000 रुपयांना घेतलेलं स्मार्टवॉच ओट्यावर आपटलं. काच तडकलीय, खालच्या कडेचा टवका उडालाय. टच चालतो. सर्व्हिस सेंटरने 9,800 अधिक जीएसटी सांगितलेत, मोबाईल दुरुस्तीवाला 3,500 म्हणतो. तेच मॉडेल आज नवं 17,000 ला मिळतंय. आरडी नोव्हेंबरमध्ये पूर्ण होते, ती मोडून नवं घेऊ का? बॅटरी हल्ली संध्याकाळपर्यंतच टिकते. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे. तोवर हेच घड्याळ घातलं तर चालेल का?

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. ते घड्याळ आजच हातातून काढा. नुसती केसासारखी तडा असती, तर वर फिल्म लावून वापरा म्हणालो असतो. पण टवका उडालेल्या कडेतून काचेचा बारीक चुरा सुटत राहतो, आणि बाळाला घेताना तीच कड त्याच्या गालाला लागते. खात्री करायची असेल तर कापसाचा बोळा काचेवरून हलक्या हाताने फिरवा. तंतू जिथे अडकतील तिथे काच बोचणारी आहे. बोट मात्र फिरवू नका.

आणखी एक तपासा. घड्याळ डोळ्यासमोर आडवं धरा आणि काच एका बाजूने चौकटीतून वर उचललेली दिसते का बघा. दिसली, तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. मग ते दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, दुरुस्तीचा विचारही सोडा. कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.

बॅटरी फुगलेली नाही असं धरून आता पैशाकडे येऊ. 24,000 विसरा, ते खर्च होऊन गेले. आज द्याल त्या पैशात पुढे किती महिने वापर मिळेल, एवढंच बघायचं. आणि ते महिने काच ठरवत नाही, बॅटरी ठरवते. संध्याकाळी मान टाकणारी बॅटरी फार तर आणखी वर्षभर चालेल असं मी धरतो.

सर्व्हिस सेंटरचे 9,800 म्हणजे 18 टक्के जीएसटी धरून 11,564 रुपये. एका वर्षासाठी हे महिन्याला साधारण 964 रुपये पडतात. नवं घड्याळ तीन वर्षं चाललं तर महिन्याला 472. म्हणजे नुसती काच बदलणं नव्या घड्याळाच्या दुप्पट महाग आहे. कोटेशनवर नजर टाकताना हे दिसत नाही, कारण 11,564 हा आकडा 17,000 पेक्षा लहान असतो.

म्हणून सर्व्हिस सेंटरला एक प्रश्न विचारा: स्क्रीन आणि बॅटरी दोन्ही एकत्र बदलून किती? घड्याळ उघडायची मजुरी एकदाच लागते. दोन्ही बदलून आणखी दोन वर्षं मिळत असतील, तर 472 गुणिले 24, म्हणजे सुमारे 11,300 रुपयांपर्यंत देणं पटण्यासारखं आहे. नुसत्या काचेचेच 11,564 होत असल्याने ते यात बसणं अवघडच आहे; त्यापुढे गेले तर नको म्हणा. जुनं बिलही एकदा काढून बघा. घेताना अपघाती नुकसानीचं संरक्षण घेतलं असेल तर सगळा हिशोबच बदलतो. वाढीव वॉरंटी मात्र वेगळी, तिच्यात सहसा आपटून फुटलेली काच बसत नाही.

3,500 चा पर्याय महिन्याला 292 रुपयांत पडतो, सगळ्यात स्वस्त. पण बऱ्याच घड्याळांत काच, टच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात. नुसती काच सोडवताना खालचा डिस्प्ले गेला, तर हिरव्या रेघा किंवा काळा डाग उरतो. शिवाय पाणी अडवणारं सील एकदा उघडलं की पूर्वीसारखं बसेलच असं नाही. जूनच्या तोंडावर हे महत्त्वाचं आहे: रेनकोटच्या बाहीतून मनगटावर ओघळलेलं पाणीही आत शिरू शकतं. हा मार्ग घेतलात तर 'डिस्प्ले गेला तर भरून कोण देणार' हे बिलावर लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर घड्याळ परत आणा.

आरडी मोडू नका. मुदतीआधी काढली की व्याज कमी मिळतं, वर बँकेच्या नियमाप्रमाणे दंडही लागू शकतो, आणि तीही पाच महिन्यांवर आलेली असताना. 'नो-कॉस्ट' हप्त्यांचा मोह झाला तर रोखीने किती सूट मिळते ते आधी विचारा. त्या हप्त्यांत व्याज सवलतीच्या रूपाने वळतं केलेलं असतं, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा आपल्यालाच भरावी लागते.

माझं मत असं: दोन्ही बदलून 11,300 च्या आत बसत नसेल, तर दुरुस्ती करू नका. पावलं, अलार्म आणि फोन आल्याची सूचना यासाठी फोन पाच महिने पुरेल. नोव्हेंबरमध्ये आरडी हातात आली की रोखीने नवं घ्या. जुनं एक्स्चेंजमध्ये देण्याआधी फोनवरून त्याची जोडणी तोडा आणि त्यातला डेटा पुसा. टच चालतोय तोवरच हे करून ठेवा, तो बंद पडला की घड्याळावरून हे करणं अवघड जाईल.