अठ्ठेचाळीस तासांत काय पारखले जाते?

“माझी मुलगी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीचे दोन दिवस ती ‘गेम जॅम’मध्ये घालवते आणि दर वेळी अर्धवट गेम घेऊन उठते. छोट्या स्वतंत्र निर्मात्यांचे अनेक प्रसिद्ध इंडी गेम असेच सुरू झाले, असे ती सांगते. हे खरे आहे का?” – एक पालक

होय, खरे आहे. मात्र त्या दोन दिवसांत जन्माला येतो तो गेमचा एखादा नियम, संपूर्ण गेम नव्हे.

गेम जॅम म्हणजे दिलेल्या विषयावर ठरावीक मुदतीत गेम बनवण्याचा उपक्रम. जॅमचा विषय सहभागींना आधी ठाऊक नसतो. तो जाहीर झाला की मुदत सुरू होते. २००२ पासून चालत आलेल्या ‘लुडम डेअर’च्या ‘कंपो’ प्रकारात एकट्यानेच ४८ तासांत गेम, त्यातील चित्रे आणि आवाज तयार करून सोर्स कोडही द्यावा लागतो. मुदत संपल्यावर सहभागी एकमेकांचे गेम खेळून गुण देतात.

‘बाबा इज यू’ या कोड्यांच्या इंडी गेमचे उदाहरण पाहावे. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅमचा विषय ‘नॉट देअर’, म्हणजे ‘तिथे नाही’, असा होता. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी त्यातील नकाराकडे तर्कशास्त्राच्या अंगाने पाहिले: बर्फ वितळत नाही असे वाक्य पटावर मांडले, तर तो लाव्हातही टिकला पाहिजे. त्यातून गेमचा नियम निघाला. पटावरील शब्द हे ढकलता येणारे ठोकळे असतात आणि त्यांच्या जुळणीतून बनलेले वाक्य तिथला कायदा ठरते. ‘वॉल इज स्टॉप’, म्हणजे भिंत अडवते, या वाक्यातला एक शब्द बाजूला सारला की भिंतीतून आरपार जाता येते. यासाठी चौकोनी पट आणि साधी चित्रे पुरली, म्हणून मुदतीतच नियम खेळून पाहता आला आणि त्या गेमने ती स्पर्धा जिंकली. विक्रीस मात्र तो मार्च २०१९ मध्ये आला, दोनशेहून अधिक लेव्हल्स घेऊन. जॅम आणि विक्री यांमधला हा काळ कौतुकाच्या कथांत सहसा गाळला जातो.

कमी वेळेमुळे सजावटीची सोय उरत नाही आणि नियम कच्चा असेल तर तो लगेच उघडा पडतो. ज्या कल्पनेची गंमत दीर्घ कथेत किंवा शेकडो खेळाडूंच्या एकत्र खेळण्यात आहे, तिची परीक्षा मात्र इथे नीट होत नाही. शिवाय सेव्हची सोय, निरनिराळे कंट्रोलर, चिवट बग अशी गेम पुरा करण्याची कामे जॅममध्ये शिकायला मिळत नाहीत, आणि बहुतेक प्रोटोटाइप, म्हणजे गेमचे कच्चे नमुने, तिथेच थांबतात.

मुलीचे गेम दर वेळी अर्धवट राहतात याचे कारण बहुधा निवडीत असावे. पहिल्या संध्याकाळपर्यंत नुसत्या रंगीत चौकोनांवर नियम खेळता येत नसेल, तर कल्पना मोठी आहे असे समजून तिने ती तिथेच छाटावी. जुन्या प्रोटोटाइपपैकी एखादा तिने अनोळखी व्यक्तीला, काहीही न समजावता, खेळायला द्यावा. खेळणारा न सांगता नव्या युक्त्या करून पाहू लागला, तर त्या एका गेमवर पुढचे काही महिने घालवायला हरकत नाही.