आधी बादली आणि घड्याळ, मग टाकीचं माप

प्रश्न: आमच्याकडे दिवसातून एकच तास पाणी येतं. घरात पाच माणसं. खालची आणि वरची टाकी किती लिटरची करावी, आणि साठवलेलं पाणी कसं सांभाळावं?

खड्डा खणायच्या आधी त्या तासात तुमच्या नळातून नक्की किती पाणी येतं ते मोजा. हे कोणी करतच नाही आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण याच मुद्द्यावर घर बांधताना माझं आणि आमच्या थोरल्या भाऊजींचं जोरदार वाजलं होतं. त्यांचं म्हणणं, खणतोयच तर दहा हजार लिटरची टाकी खणा, पाण्याची चिंताच नको. गवंडीही त्यांच्याच बाजूने. मी म्हणत होते, टाकी पाणी तयार करत नाही, नळ जेवढं देतो तेवढंच साठणार.

मी काय केलं तर खालच्या टाकीचं तोंड जिथे येणार होतं त्याच उंचीवर नळ सोडला आणि तासभर दर दहा मिनिटांनी २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहून घेतलं. सुरुवातीला धार बारीक, मध्ये चांगली, शेवटी परत बारीक, म्हणून एकदाच मोजून तासाने गुणलं तर आकडा फसवा येतो. सरासरी ८० सेकंदांना बादली, म्हणजे मिनिटाला १५ लिटर, तासाला ९००. आम्हीही पाचच, माणशी १३५ लिटर धरलं तर रोजचे ६७५. म्हणजे रोज शिल्लक फक्त २२५ लिटर, आणि सगळा हिशोब या शिलकीवर आहे. दोन दिवस पाणी आलं नाही तर साठ्यातून १३५० लिटर जातात आणि ते भरून यायला पुढे सहा दिवस लागतात.

म्हणून आम्ही खाली २००० आणि वर १००० केली. दोन्ही भरलेल्या असतील तर पाणी न येता चार दिवस निघतात. वरची टाकी साधारण दिवसभराच्या गरजेएवढी असली की बास, दिवसभर लाइट नसली तरी अडत नाही.

भाऊजींनी त्यांच्या घरी दहा हजारांचीच केली. त्यांच्याकडे माणसं सहा, खर्च ८१०, पाणी आमच्याएवढंच, म्हणजे शिल्लक ९० लिटर. रिकामी टाकी भरायला जवळपास पावणेचार महिने, तेही एक दिवस चुकला नाही तर! आणि समजा भरलीच, तर त्यातलं पाणी सरासरी बारा दिवसांचं जुनं, तोवर क्लोरीन उडून गेलेला असतो. झाकण उघडलं की कुबट वास येतो, भिंतीला हात लावला की बुळबुळीत लागतं, आणि एवढी मोठी टाकी उपसून धुवायची म्हणजे साठवलेलं सगळं ओतायचं, त्यामुळे धुणं कायम पुढे ढकललं जातं.

अजून एक, २००० लिटर वापरायचे तर खड्डा २००० चा चालत नाही. तळाचं अर्धा फूट पाणी गाळासकट राहू द्यावं लागतं, मोटरच्या पाइपचा फूट व्हॉल्व्ह त्याच्या वरच ठेवायचा, आणि वरही अर्धा फूट जागा सोडायची. दीड मीटर बाय एक मीटर वीसच्या टाकीत १५ सेंटीमीटर म्हणजे २७० लिटर, खाली तेवढे आणि वर तेवढे, म्हणून खोली साधारण एक मीटर चाळीस लागते. नळाच्या पाइपचं तोंड भरलेल्या पाण्याच्याही वरच राहिलं पाहिजे, बुडालं तर पुरवठा बंद झाल्यावर लाइन तुमचंच पाणी मागे ओढते, आणि तुमच्या टाकीतली घाण सगळ्या गल्लीच्या नळात. लाइनलाच मोटर लावणारे हाच प्रकार उलट्या बाजूने करतात, फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी स्वतःच्या घरात ओढून घेतात, ते अजिबात करू नका.

रोजचं सांभाळणं म्हणाल तर पाणी यायच्या आधी मोटर लावून वरची टाकी भरून घ्या म्हणजे खाली जागा होते, नाहीतर फ्लोट बंद होतो आणि तासाचं पाणी हातचं जातं. पहिली काही मिनिटं गढूळ येतं, ते टाकीच्या आधी एक वेगळी तोटी बसवून झाडांना किंवा फरशीला सोडा.

हे मात्र सांगायला हवं, उन्हाळ्यात तुमच्याकडे आठ-आठ दिवस पाणी येत नसेल आणि टँकर मागवावा लागत असेल तर अख्खा टँकर मावेल एवढी टाकी लागेल, तिथे भाऊजींचं बरोबर. पण मग मध्ये भिंत घालून दोन कप्पे करा, एक वापरात असताना दुसरा धुता येतो. हेसुद्धा मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं.