दूरचे स्वच्छ दिसते, तरी कपाळ दुखते

“अभ्यासाला बसलं की पाऊण तासात भुवयांच्या वर दुखायला लागतं. चार महिन्यांपूर्वी डोळे तपासले, तेव्हा तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता आली आणि नंबर नाही असं सांगितलं. घरच्यांना वाटतं मी अभ्यास टाळतोय. खरंच डोळ्यांचं काही आहे, की माझ्याच मनाचं?”

हे विचारणारा मुलगा सोळा वर्षांचा होता. ताण, भीती, झोप यांविषयी विचारण्याआधी मी त्याला एक आठवडाभर वही ठेवायला सांगितले. बसल्याची वेळ, बसण्याची जागा, काय वाचत होता, दुखणे किती मिनिटांनी सुरू झाले आणि कशाने थांबले, एवढेच तीत लिहायचे होते. डोकेदुखीच्या बाबतीत आठवणीवर विसंबणे धोक्याचे असते, कारण त्रस्त माणसाला ती सतत असल्यासारखी वाटते आणि घरच्यांना ती सोयीच्या वेळी आल्यासारखी वाटते. वहीमुळे दोघांचेही समज बाजूला पडतात.

वहीतून जे दिसले ते बोलके होते. सकाळी उठताना एकदाही डोके दुखले नव्हते. टेबलापाशी सलग वाचताना साधारण 45 मिनिटांनी आणि रात्री अंथरुणात पालथे पडून वाचताना 25 मिनिटांतच दुखणे सुरू होत होते. पुस्तक मिटून अर्धा तास गेला की ते ओसरत होते. ज्या दिवशी तो दिवसभर मैदानावर होता, त्या दिवसाच्या रकान्यात काहीच नव्हते. एका कोपऱ्यात त्याने आपण होऊन लिहिले होते की, वाचून झाल्यावर वर पाहिले की भिंतीवरचे घड्याळ दोन-तीन क्षण धूसर दिसते आणि मग स्पष्ट होते. माझ्या दृष्टीने ही नोंद सगळ्यांत महत्त्वाची होती. नुसता अभ्यासाचा कंटाळा असता, तर दूरची नजर अशी उशिरा जुळली नसती.

मनाचा प्रश्न मी बाजूला टाकला नाही, पण तो मागे ठेवला. आधी वाचण्याची जागा सुधारायची आणि तेवढ्याने किती फरक पडतो ते मोजायचे, असे आम्ही ठरवले.

त्याने काढून आणलेल्या छायाचित्रात खोलीतला दिवा त्याच्या पाठीमागे होता, त्यामुळे डोक्याची सावली थेट पुस्तकावर पडत होती. ती घालवण्यासाठी आणलेला टेबलावरचा दिवा डोळ्यांच्या उंचीवर होता, त्यातला उघडा बल्ब नजरेत येत होता आणि गुळगुळीत पानावर त्याची चकाकी उमटत होती. कमी उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडतात हा समज खरा नाही. मात्र कमी उजेडात बाहुली मोठी होते, अक्षरांच्या कडा मऊ पडतात आणि माणूस नकळत पुस्तक जवळ ओढतो. डोळ्यांना शिणवण्यात या जवळ ओढण्याचा वाटा मोठा असतो. म्हणून उजेडाचा आणि अंतराचा विचार मी नेहमी एकत्रच करते.

तो उजव्या हाताने लिहिणारा असल्यामुळे दिवा डावीकडे आणला, त्याची शेड डोळ्यांच्या पातळीच्या खाली घेतली आणि खोलीतला दिवाही चालू ठेवायला सांगितला, कारण उजळलेले पान आणि भोवती काळोख अशी स्थिती डोळ्यांना त्रासदायक असते. दिव्याचे पानापासूनचे अंतर निम्मे केले की पानावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो, म्हणून बल्ब बदलण्याआधी दिवा सरकवून पाहावा. तपासायची खूण सोपी आहे. पेन्सिलचे टोक लिहायच्या ओळीवर ठेवावे आणि हाताची सावली त्या ओळीवर पडते का ते पाहावे.

अंतरासाठी मोजपट्टीची गरज नसते. कोपर टेबलावर टेकवून मूठ गालापाशी आणली की कोपरापासून मुठीपर्यंतची लांबी हे वाचनाचे बरे अंतर असते, आणि मोठ्या मुलांमध्ये ते साधारण 35 ते 40 सेंटिमीटर भरते. तो टेबलापाशी 25 आणि अंथरुणात 20 सेंटिमीटरवरून वाचत होता. पुस्तक सपाट पडले की मान आपोआप खाली जाते, म्हणून त्याला पुस्तक तिरके ठेवायला एक उतरती फळी दिली. पालथे पडून वाचणे मात्र पूर्ण बंद करायला सांगितले, कारण त्या स्थितीत अंतर राखणे जवळजवळ अशक्य असते.

विश्रांतीचा घोटाळा वेगळाच निघाला. दर अर्ध्या तासाने तो थांबत असे, पण थांबून मोबाइल पाहत असे. तेव्हा डोळे पुस्तकापेक्षाही जवळच्या वस्तूवर खिळलेले असत, म्हणजे डोळ्यांच्या स्नायूंना विश्रांती मिळतच नव्हती. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद सुमारे 6 मीटरपलीकडे पाहावे हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण नेमक्या आकड्यांत काही जादू नाही. नजर दूर गेली की भिंगाभोवतीचा आवळलेला स्नायू सैल होतो, हे त्यामागचे कारण आहे. त्याला मी खिडकीतून दिसणाऱ्या सर्वांत दूरच्या वस्तूची कड स्पष्ट दिसेपर्यंत पाहायला सांगितले, आणि दर 45 ते 50 मिनिटांनी मोबाइल न घेता उठायला सांगितले. वाचताना आणि पडद्याकडे पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, त्यामुळे त्या 20 सेकंदांत चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटाव्यात, हेही सांगितले.

दोन आठवड्यांनी वही पुन्हा पाहिली. दुखणे आता 45 मिनिटांऐवजी 80 मिनिटांच्या आसपास सुरू होत होते. आईला हा फरक पुरेसा वाटला, मला मात्र वाटला नाही. उजेड, अंतर आणि विश्रांती नीट झाल्यावरही दुखणे त्याच जागी, त्याच प्रकारे आणि फक्त वाचनानंतरच येत असेल, तर नंबर पुन्हा तपासायलाच हवा. मी वही सोबत देऊन त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले आणि चिठ्ठीत लिहिले की, दूरचे वाचन उत्तम आहे, तरी प्लसचा नंबर दडलेला आहे का हे थेंब टाकून पाहावे.

“पण मला शेवटची ओळ वाचता आली होती,” तो म्हणाला. त्याला ज्या हिशेबाने समजावले, तो येथे देते. जवळचे पाहताना डोळ्याला किती जोर लावावा लागतो हे काढण्यासाठी 100 ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागावे. 40 सेंटिमीटरला उत्तर अडीच येते, 20 सेंटिमीटरला पाच. चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात, तेच हे एकक. आता डोळ्यात प्लस दोनचा नंबर असेल, तर दूरचे पाहतानाही तो डोळा दोनचा जोर आधीच लावत असतो. तरुण डोळ्याला हे सहज जमते, म्हणून तक्ता पूर्ण वाचला जातो आणि नंबर लपून राहतो. जवळ मात्र दोन्ही भार एकत्र येतात: 40 सेंटिमीटरवर साडेचार आणि अंथरुणातल्या 20 सेंटिमीटरवर सात. सोळाव्या वर्षी डोळ्याची एकूण ताकद साधारण 11 ते 14 असते आणि तिच्या निम्म्यापर्यंतचाच जोर दीर्घकाळ सुखाने लावता येतो. अंथरुणात 25 मिनिटांतच डोके का दुखत होते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

थेंबांनी तो स्नायू तात्पुरता सैल केला जातो, त्यामुळे डोळा जोर लावू शकत नाही आणि खरा नंबर उघडा पडतो. तपासणीनंतर साधारण एक दिवस जवळचे धूसर दिसते आणि उजेड टोचतो, म्हणून ती परीक्षेच्या आदल्या दिवशी ठेवू नये. थेंबांशिवाय, तेही दिवसभर वाचून थकलेल्या डोळ्यांची घाईने तपासणी झाली, तर आवळलेल्या स्नायूमुळे कधी कधी खोटा मायनस नंबरही निघतो. तो चष्मा लावला की डोळ्यांवरचा भार आणखी वाढतो. नवा मायनस चष्मा घेतल्यावर वाचताना डोकेदुखी वाढल्याची तक्रार ऐकली की मी आधी याचीच शंका घेते.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत प्लस दोनच्या जवळपास नंबर निघाला आणि वाचनासाठी दीडचा चष्मा मिळाला. पूर्ण नंबर एकदम दिला नाही, कारण वर्षानुवर्षे जोर लावण्याची सवय झालेला डोळा सुरुवातीला पूर्णपणे सैल होत नाही आणि दूरचे धूसर वाटते. पहिले काही दिवस त्याला अक्षरे किंचित मोठी दिसली. अशी सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागू शकतात. त्यानंतरही त्रास राहिला तर नंबर, काचांचे केंद्र आणि नाकावरून घसरणारी फ्रेम हे सगळे पुन्हा तपासून घ्यावे.

प्रत्येक डोकेदुखी नंबरची नसते, हे मी त्याच्या आईला त्याच भेटीत सांगितले. एक डोळा झाकल्यावर वाचन सोपे होत असेल किंवा ओळी दुहेरी होऊन सरकत असतील, तर दोन्ही डोळे एकत्र आत वळण्यात अडचण असू शकते. तिथे नुसता चष्मा पुरत नाही, वेगळी तपासणी आणि व्यायाम लागतात. अर्धे डोके ठणकणे, मळमळ आणि उजेड सहन न होणे ही अर्धशिशीची लक्षणे असतात. झोपेतून जागे करणारी किंवा सकाळी उलटीसह येणारी डोकेदुखी, अचानक दुहेरी दिसणे, नजर जाणे, ताप आणि मान ताठ होणे, यांपैकी काहीही असेल तर चष्म्याच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

निघताना त्याने विचारले, “चष्मा लावला म्हणून नंबर वाढत जाईल का?” योग्य नंबरचा चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही; चष्म्याविना दुखणे सोसून डोळा बळकट होतो हेही खरे नाही. सहा आठवड्यांनंतरच्या वहीत दुखण्याची एकच नोंद होती. त्या रात्री तो चष्मा काढून, अंथरुणात पालथा पडून वाचत होता, आणि नोंदीपुढे मिनिटांचा आकडा होता: 30.