बीआरसीए-१ मधला अनिश्चित बदल आणि सहावा गुण

प्रश्न: माझ्या मावशीच्या जनुकीय अहवालात बीआरसीए-१ या स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकातल्या एका बदलापुढे «महत्त्व अनिश्चित» असे लिहिले आहे. लोकसंख्येतली वारंवारता, संगणकाचे भाकीत आणि प्रयोगशाळेतली चाचणी यांवरून असा बदल घातक आहे की निरुपद्रवी, हे नेमके कसे ठरवतात?

उत्तर: मी एका निदान-प्रयोगशाळेत अशाच बदलांचे वर्गीकरण करतो. मावशींचा अहवाल मी पाहिलेला नाही, म्हणून त्याच जनुकातला एक कल्पित बदल घेऊन रोजची रीत सांगतो. हा बदल बीआरसीए-१ प्रथिनाच्या शेवटाकडील बीआरसीटी या भागात आहे आणि त्याने एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आले आहे, असे समजा.

वर्गीकरणाचे मूळ नियम २०१५ साली अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्राच्या संस्थांनी प्रसिद्ध केले. पुढे त्यांना संभाव्यतेचे गणित जोडले गेले, आणि त्यातून आजची गुणपद्धती आली. बदल घातक असण्याची सुरुवातीची शक्यता दहा टक्के धरतात, म्हणजे एकास नऊ असे प्रमाण. घातकपणाकडे झुकणारा दुबळा पुरावा एक गुण देतो, मध्यम दोन आणि प्रबळ चार. निरुपद्रवीपणाकडे झुकणाऱ्या पुराव्याचे गुण वजा होतात. प्रत्येक गुणाने ते प्रमाण साधारण २.०८ पट होते, त्यामुळे सहा गुणांनी ते सुमारे ८१ पट होऊन एकास नऊचे नऊस एक बनते, म्हणजेच ९० टक्के. «बहुधा घातक» हा वर्ग इथूनच सुरू होतो. पाच गुणांवर शक्यता ८१ टक्के असते आणि बदल «अनिश्चित» याच वर्गात राहतो. शून्य ते पाच गुणांचा हा पट्टा एवढा रुंद असल्याने एकाच शब्दाखाली दहा टक्क्यांचा बदलही येतो आणि ८१ टक्क्यांचाही. म्हणून अहवालात केवळ वर्ग न पाहता कोणते पुरावे मोजले, हे वाचावे.

आता आपल्या बदलाकडे येऊ. प्रयोगाचा पुरावा सर्वांत वजनदार असल्याने आधी तोच घेतो. २०१८ साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी बीआरसीए-१ च्या बीआरसीटीसह दोन महत्त्वाच्या भागांतले, डीएनएचे एकच अक्षर बदलणारे जवळजवळ चार हजार बदल मानवी पेशींच्या जनुकसंचात घातले. त्यांनी निवडलेल्या हॅप-१ पेशींमध्ये प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते आणि बीआरसीए-१ बिघडले तर त्या तगत नाहीत. पाचव्या आणि अकराव्या दिवशी प्रत्येक बदलाच्या किती पेशी उरल्या, हे डीएनए वाचून मोजले आणि त्यावरून बदलाला एक अंक दिला. उणे १.३२८ पेक्षा कमी अंक म्हणजे कार्य गेले, उणे ०.७४८ पेक्षा जास्त म्हणजे कार्य शाबूत, आणि मधला पट्टा संदिग्ध. या चाचणीचे बळ केवळ तिच्या तंत्रात नाही. आधीपासून घातक किंवा निरुपद्रवी म्हणून ठाऊक असलेल्या बदलांना ती जवळजवळ बिनचूक वेगळे करते, आणि म्हणूनच तिच्या निकालाला चार गुण मिळतात. एखाद्या शोधनिबंधात दोन-चार बदलच तपासलेले असतील आणि ज्ञात नमुने मोजकेच असतील, तर चित्र कितीही ठसठशीत दिसले तरी मी त्याला चार गुण देत नाही. मध्यम वजनासाठीसुद्धा किमान अकरा ज्ञात नमुने लागतात. आपल्या कल्पित बदलाचा अंक उणे १.९ आहे, म्हणून PS3 या नोंदीखाली चार गुण.

संगणकाच्या भाकितात सर्वाधिक चुका होतात, कारण साधने पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी प्राण्यांच्या उत्क्रांतीत ती जागा किती टिकून राहिली, याच माहितीवर चालतात. पाच साधने «घातक» म्हणाली म्हणून पुरावा पाचपट होत नाही, कारण एकाच साक्षीदाराचे म्हणणे आपण पाच तोंडांनी ऐकलेले असते. म्हणून साधन आधी ठरवायचे आणि मग निकाल पाहायचा. बीआरसीए जनुकांच्या तज्ज्ञगटाने बेझडेल हे साधन निवडले आहे, आणि तेही ज्यात लोकसंख्येची वारंवारता मिसळलेली नाही अशा रूपात. ती मिसळलेली असती, तर तोच पुरावा दोनदा मोजला गेला असता. बीआरसीए-१ साठी ०.२८ किंवा त्याहून जास्त अंक आला आणि बदल प्रथिनाच्या कार्यक्षम भागात असला, तर एक गुण मिळतो. आपला अंक ०.४१ आहे, म्हणून PP3 चा एक गुण. बेरीज पाच झाली.

सहावा गुण लोकसंख्येकडून येतो, आणि भारतीय कुटुंबांच्या बाबतीत मला सर्वाधिक काळजी वाटते ती याच गुणाची. बदल नोमॅड या जागतिक संग्रहात मुळीच आढळला नाही, तर PM2 खाली एक गुण देतात. पूर्वी या अभावाला मध्यम वजन होते, पुढे ते कमी केले गेले, आणि ते योग्यच झाले. नोमॅडच्या दुसऱ्या आवृत्तीत दक्षिण आशियाई माणसे सुमारे १५,३०० होती, म्हणजे जनुकाच्या साधारण ३०,६०० प्रती. तेवढ्यांत बदल एकदाही दिसला नाही, तरी त्याची खरी वारंवारता दहा हजारांत एक इतकी असू शकते, असे साधे संख्याशास्त्र सांगते. याच जनुकासाठी दहा हजारांत एकपेक्षा जास्त वारंवारता निश्चितपणे दिसली, तर तो निरुपद्रवीपणाचा प्रबळ पुरावा ठरून उणे चार गुण मिळतात. म्हणजे त्या आवृत्तीतला आपल्याकडचा शून्य हा आकडा एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंतच्या सगळ्या शक्यता पोटात घेऊन बसलेला होता. चौथ्या आवृत्तीत ही माणसे सुमारे ४५,५०० झाली, तेव्हा परिस्थिती सुधारली. पण आपल्याकडे विवाह जातीपोटजातीत होतात, आणि एखाद्या समाजात साचलेला बदल «दक्षिण आशियाई» या मोठ्या सरासरीत हरवून जातो.

हे मला अनुभवाने कळले. एका बदलाला आम्ही हा गुण दिला होता. नंतर आमच्याच जुन्या नोंदी चाळताना तो मराठवाड्यातल्या एकाच समाजातल्या, परस्परांशी नाते नसलेल्या आणि कर्करोगाऐवजी अन्य तक्रारींसाठी आलेल्या तिघांमध्ये आढळला. आम्ही गुण काढून घेतला, बेरीज सहावरून पाचवर आली आणि सुधारित अहवाल पाठवावा लागला. तेव्हापासून मी बदल संग्रहात «नाही» असे म्हणण्याआधी दोन गोष्टी पाहतो: त्या जागेचे वाचन तिथे पुरेशा खोलीने झाले आहे का, आणि भारतीय जनुकसंचांच्या संग्रहांत तो दिसतो का. जागा नीट वाचलीच गेली नसेल, तर तिथला शून्य हा पुरावाच नव्हे.

समजा, याच बदलाचा प्रयोगातला अंक उणे ०.३ आला असता. तर कार्य शाबूत असल्याच्या BS3 या नोंदीचे उणे चार, अधिक एक, अधिक एक अशी बेरीज उणे दोन होऊन बदल «बहुधा निरुपद्रवी» या बाजूला गेला असता, संगणक काहीही म्हणो. अंक मधल्या पट्ट्यात आला असता, तर प्रयोगाचे गुण शून्य आणि एकूण दोनच. अशा वेळी गुण ओढूनताणून भरू नयेत. बीआरसीए-१ मध्येच १६९९ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन आणणारा एक बदल आहे, ज्याचा धोका खरोखरच मधला आहे: सत्तराव्या वर्षापर्यंत स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे २४ टक्के आढळली. त्याच जागी ट्रिप्टोफॅन आले, तर बदल सरळ घातक ठरतो.

मावशींच्या अहवालात PS3 किंवा BS3 ही नोंद आहे का, ते पाहा. नसेल आणि बदल त्या २०१८ च्या प्रयोगात तपासलेल्या भागात येत असेल, तर प्रयोगशाळेला पुनर्वर्गीकरणाची लेखी विनंती करा आणि कुटुंबातल्या कर्करोग झालेल्या इतरांमध्ये तो बदल आहे का, याची तपासणी होऊ शकेल का, हे जनुकीय समुपदेशकांना विचारा. तोवर या बदलाच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. मावशींची तपासणी आणि उपचार कुटुंबाच्या इतिहासावरून ठरावेत, आणि बदल नाही म्हणून कोणत्याही निरोगी नातेवाइकाला निर्धास्तही करू नये.