ग्रुप मेडिक्लेममधून सोडून गेलेल्यांची नावं काढायची: तेच प्रश्न, परत एकदा उत्तरं

एप्रिलला रिन्यू होणाऱ्या पॉलिसी बडोद्यात भरपूर आहेत, त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की एचआरवाल्यांचे आणि छोट्या कारखानदारांचे मेसेज सुरू होतात. राजीनामा देऊन गेलेल्या माणसाचं नाव कसं काढायचं, प्रीमियम परत मिळतो का, किती मिळतो. सगळ्यांना एकेक करून तेच लिहीत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो. पण आधीच सांगतो, तुमच्या पॉलिसीच्या अटी तुमच्याच आहेत, शेजारच्या प्लॉटवाल्याच्या नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या पॉलिसीच्या कागदाचा.

"नाव काढायला त्या माणसाचं राजीनामापत्र द्यावं लागतं का?"

सहसा नाही. कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून एम्प्लॉयी कोड, नाव, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची नावं आणि नोकरी सोडल्याची तारीख असलेली एक्सेल शीट पाठवली की झालं.

"कुठली तारीख धरायची, राजीनामा दिला ती की शेवटचा दिवस? आमचे शेठ म्हणतात राजीनाम्याच्या दिवसापासून काढा, तेवढा रिफंड जास्त."

शेवटचा कामाचा दिवस. नोटीस पीरियडमध्ये माणूस तुमच्या पगारावर असतो, म्हणजे तो तुमचा कर्मचारीच आणि त्याचं कव्हरही चालूच. शेठना सांगा की साठ दिवसांच्या नोटिशीत तो माणूस किंवा त्याची बायको अ‍ॅडमिट झाली आणि क्लेम नामंजूर झाला तर तो विमा कंपनीशी नाही, तुमच्याशी भांडेल आणि त्याचं बरोबर असेल. त्यातून कुणी आजारी आहे किंवा बाळंतपण जवळ आलंय म्हणून घाईघाईने नाव काढायचा विचार असेल तर तो सोडा, आणि तरीही करायचाच असेल तर आधी वकिलाला विचारा.

"मकरपुरा जीआयडीसीत आमचं युनिट आहे, वर्षभरात पाचसात जण सोडून जातात. आम्ही यादी रिन्यूअलच्या वेळी एकदमच पाठवतो, चालतं ना?"

नाही चालत. आणि हेच मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचा.

रिफंड प्रो-राटा असतो, म्हणजे पॉलिसीचे जेवढे दिवस उरले तेवढ्या दिवसांचा प्रीमियम परत. हिशोब सोपा आहे. समजा पॉलिसी १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६, आणि एका माणसाचा बायको आणि दोन मुलांसकट प्रीमियम जीएसटी सोडून १४,६०० रुपये. भागिले ३६५, म्हणजे दिवसाचे ४० रुपये. हा माणूस ३१ ऑगस्टला गेला. १ सप्टेंबर ते ३१ मार्च म्हणजे २१२ दिवस उरले, म्हणून २१२ गुणिले ४०, ८,४८० रुपये परत यायला हवेत. इथपर्यंत सगळ्यांना कळतं.

गोची पुढे आहे. विमा कंपनी तुमची शेवटच्या दिवसाची तारीख जशीच्या तशी मान्य करतेच असं नाही, तिला तुम्ही *कळवलं कधी* तेही बघायचं असतं. बऱ्याच ग्रुप पॉलिसीत अट असते की मागच्या तारखेने नाव काढायचं तर कळवलेल्या तारखेच्या आधी फार तर अमुक दिवस. कुठे ३० असतात, कुठे ४५, कुठे जास्त, आणि कुठे अजिबात नाही, कळवलं त्या दिवसापासूनच. आता समजा तुमच्या पॉलिसीत ३० दिवस आहेत आणि तुम्ही यादी पाठवली १० मार्चला. मग नाव निघणार ८ फेब्रुवारीपासून, ९ फेब्रुवारी ते ३१ मार्च उरले ५१ दिवस, रिफंड २,०४०. ऑगस्टच्या शेवटी कळवलं असतं तर ८,४८०. एका माणसामागे ६,४४० रुपये निव्वळ आळसात गेले. आणि मागच्या तारखेची सवलतच नसेल तर २१ दिवसांचे ८४० रुपये हातात.

बरं, पैसे गेले एवढ्यावर थांबत नाही. नाव काढलं नाही म्हणजे टीपीएच्या यादीत तो माणूस जिवंत, त्याच्या मोबाईलमधलं ई-कार्ड चालू. नोव्हेंबरमध्ये त्याच्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, हॉस्पिटलने कार्ड टाकलं, कॅशलेस पास झालं, समजा ७०,००० रुपये. त्याचं लबाडीचं मन नव्हतं कदाचित, त्याला वाटलं वर्षभर आहे. पण तो क्लेम तुमच्या पॉलिसीवर चढला. एक, त्या कुटुंबाचा रिफंड बहुधा शून्य. दोन, रिन्यूअलचा दर ठरवताना विमा कंपनी बघते की प्रीमियमच्या मानाने क्लेम किती गेले, आणि चाळीस माणसांच्या छोट्या ग्रुपमध्ये एक ७०,००० चा क्लेमसुद्धा आकडा हलवतो. तीन, उद्या ऑडिटमध्ये निघालं की तो माणूस ऑगस्टलाच गेला होता तर पात्र नसलेल्याचा क्लेम म्हणून वसुलीचं पत्र तुम्हालाच येऊ शकतं, कारण पॉलिसीधारक तुम्ही आहात, तो नाही.

तेव्हा महिन्याच्या महिन्याला यादी. पगार काढता ना दर महिन्याला, त्याच दिवशी जॉइन झालेले आणि गेलेले असे दोन तक्ते पाठवा, कुणी गेलं नसेल तर पाठवू नका, पण तारीख ठरवून ठेवा. फुल अँड फायनलच्या चेकलिस्टमध्ये लॅपटॉप, गेटपास असतं तसं "मेडिक्लेम डिलीशन पाठवलं" अशी एक ओळ टाका. आणि पाठवून गप्प बसू नका. नाव निघालं याचा पुरावा म्हणजे एन्डॉर्समेंट, ईमेलला आलेलं "नोटेड" हे उत्तर नाही. एन्डॉर्समेंट आली की चार गोष्टी बघा: तारीख तुम्ही दिलेलीच आहे का, बायको-मुलं-आईवडील सगळे निघालेत का (कित्येकदा कर्मचारी निघतो आणि आईवडील तसेच राहतात, मग त्यांचा रिफंडही येत नाही), रक्कम दिवसांच्या हिशोबात बसते का, आणि टीपीएच्या यादीतही बदल झालाय का. एन्डॉर्समेंट निघून टीपीएकडे पोचायला मध्ये वेळ जातो, तेवढ्यात कार्ड चालतं.

सवलत किती दिवसांची आहे ते पॉलिसीत शोधा, सापडत नसेल तर विमा कंपनीकडून लेखी मागा, आणि रिन्यूअलला ब्रोकरला सांगून ती वाढवून घ्या. चर्चा करायची वेळ तीच असते, सही झाल्यावर नाही.

"गेलेल्या माणसाने जूनमध्ये क्लेम घेतलाय. आता नाव काढलं तर रिफंड मिळेल?"

बहुतेक पॉलिसीत नाही. आणि फ्लोटर असेल तर घरातल्या एकानेही क्लेम घेतला तरी सगळ्या कुटुंबाचा जातो. तरीही नाव काढाच, रिफंडसाठी नाही, पुढचा क्लेम येऊ नये म्हणून. उलट बाजूही लक्षात ठेवा, रिफंड घेऊन झाल्यावर जर त्याने नोकरीत असतानाच्या अ‍ॅडमिशनची बिलं नंतर पाठवली तर तो क्लेम बसतो, कारण कव्हर तेव्हा होतं, पण मग दिलेला रिफंड परत वळता होऊ शकतो. शेवटच्या दिवशीच कुणी अ‍ॅडमिट असेल तर अंदाज लावू नका, त्याच दिवशी टीपीएला फोन करून लेखी घ्या.

"एजंट म्हणतो रिफंड माझ्याकडे जमा राहू द्या, नवीन माणूस आला की त्यात वळता करतो."

अजिबात नाही. विमा कायदा १९३८, कलम ६४ व्हीबी, त्यात स्पष्ट आहे की रिफंड विमेदाराला थेट द्यायचा आणि एजंटच्या खात्यात तो जमा करायचाच नाही. वळता करायची सोय आहे, पण ती एजंटच्या डायरीत नाही, तुमच्या सीडी अकाउंटला आहे, म्हणजे विमा कंपनीकडे तुमच्या नावाने ठेवलेली रक्कम. नवीन माणूस आला की त्यातून प्रीमियम कापला जातो, गेला की रिफंड त्यात येतो. त्याचं स्टेटमेंट मागा आणि एन्डॉर्समेंटशी ताडून बघा. एक माणूस गेला म्हणून त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव "बदलून टाकू" असं कुणी म्हणत असेल तर तेही चालत नाही, गेल्याची तारीख वेगळी, आल्याची वेगळी, दोन्ही नोंदी झाल्या पाहिजेत. आणि सीडीत पैसे नसतील तर नवीन माणूस कव्हर झालाच नाही, कारण त्याच कलमाप्रमाणे प्रीमियम आधी, जोखीम मागून. रिफंड येणार आहे त्यातून भागेल, या भरवशावर राहू नका.

"मांजलपूरहून लिहितेय. माझ्या पगारातून मेडिक्लेमचे अर्धे पैसे कापले जात होते, आता मी नोकरी सोडली. रिफंड कंपनी ठेवून घेणार का? आणि माझं कव्हर?"

ताई, विमा कंपनी रिफंड पॉलिसीधारकाला म्हणजे तुमच्या कंपनीला देईल, तुम्हाला थेट नाही. पण तुम्ही भरलेल्या अर्ध्याचा उरलेल्या दिवसांचा भाग फुल अँड फायनलमध्ये मिळायला हवा, पगाराच्या स्लिपा जोडून लेखी मागा, नाही दिला तर कामगार सल्लागाराला कागद दाखवा.

कव्हरचं जास्त तातडीचं आहे. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, त्याला मायग्रेशन म्हणतात, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं जुन्या आजारांच्या वेटिंग पीरियडमध्ये मोजली जातात. हा वेटिंग पीरियड जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो, त्यामुळे ती वर्षं फुकट घालवू नका. पण हे आपोआप होत नाही, अर्ज करायचा असतो, विमा कंपनी तब्येत बघून ठरवते, आणि मुदत असते. शेवटच्या दिवसाच्या आधीच अर्ज टाका. आता नोकरी सोडून किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा हे वाचून झाल्यावर लगेच विमा कंपनीला फोन करा.

"हेल्थ इन्शुरन्सवरचा जीएसटी गेला ना? मग रिफंडमध्ये तो कसा?"

२२ सप्टेंबर २०२५ पासून गेला तो वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीवरचा. मालकाने घेतलेल्या ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के आहेच, व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फिरो. रिफंडसोबत त्याच्या हिश्श्याचा जीएसटी क्रेडिट नोटने परत येतो, वरच्या उदाहरणात ८,४८० वर १,५२६ रुपये ४० पैसे. मात्र क्रेडिट नोटला मुदत आहे, आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर. बाकी तुमच्या सीएला विचारा.

"मेल टाकून दोन महिने झाले, एन्डॉर्समेंट नाही, फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे'. काय करू?"

फोन बंद करा. पहिल्या मेलवरच उत्तर म्हणून दुसरा मेल टाका, म्हणजे मूळ तारीख खाली दिसते, तीच तुमची कळवल्याची तारीख आहे आणि रिफंड त्याच तारखेवर मागायचा. प्रतीला विमा कंपनीचा ग्रीव्हन्स अधिकारी. तरी हललं नाही तर बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार. त्यानंतर लोकपाल, गुजरातसाठी ऑफिस अहमदाबादला आहे, पण तुमच्या आकाराची कंपनी तिथे जाऊ शकते का ते अर्ज करण्याआधी विचारून घ्या. आणि पहिला मेल एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला असेल, विमा कंपनीला नाही, तर तुमचे दोन महिने अजून सुरूच झालेले नाहीत, आज पाठवा.